आकृती ४ पासून सुरुवात

मागच्या डिसेंबरात नागपुरातल्याच एका परिषदेत मला आमच्या पेपरवर बोलायचं होतं. पेपर टिनाच्या आणि स्लॅबच्या घरांबद्दल होता. मे आणि जून महिन्यांत ही घरं आतून किती तापतात आणि कधी थंड होतात, हे आम्ही १२ घरांत मोजलं होतं. पेपर छापून आला होता, १४ पानांचा, ७ आकृत्या आणि ४ तक्ते. त्यामुळे मला वाटलं, सगळं तयारच आहे, फक्त स्लाइडवर चढवायचं.

आणि तसंच केलं. पेपरचा एकेक भाग घेतला आणि त्याच्या स्लाइड्स पाडत गेलो. प्रस्तावना चार, पूर्वीचं संशोधन पाच, अभ्यासक्षेत्र तीन (त्यात नागपूरचा नकाशा, जो समोर बसणाऱ्या नव्वद टक्के लोकांना रोज गाडीवरून दिसतो), पद्धत आठ. शेवटी ३४ स्लाइड्स झाल्या. लॅबमध्ये तालीम केली तेव्हा विसाव्या मिनिटाला मी तापमान नोंदवणारा लॉगर भिंतीवर किती उंचीवर लावला ते सांगत होतो. निकाल अजून चार स्लाइड्स पुढे होता.

आमच्या लॅबमधल्या सीनियर ताईने मोबाइलवरचं घड्याळ बंद केलं आणि म्हणाली, "अरे, तू सांगून नाही राहिला, वाचून राहिला."

मग तिने एकच प्रश्न विचारला. "सातपैकी एकच आकृती ठेवायची झाली तर कोणती ठेवशील?"

मी म्हटलं, आकृती ४. दिवसाच्या चोवीस तासांत दोन्ही प्रकारच्या खोल्यांचं तापमान कसं बदलतं, ती.

"मग तिथून सुरू कर. ही आकृती कळायला माणसाला जे माहीत पाहिजे तेवढंच तिच्या आधी. ती पाहून त्याच्या मनात जो प्रश्न येईल तेवढंच तिच्या नंतर. बाकी घरी ठेव."

घरी गेल्यावर आधी वेळेचा हिशेब लावला, जो खरं तर पहिल्या दिवशीच लावायला हवा होता. संयोजकांना विचारलं की २० मिनिटं प्रश्न धरून की सोडून. उत्तर आलं, धरून. म्हणजे बोलायला १५. अध्यक्ष नाव वाचणार, पेन ड्राइव्ह लागेपर्यंत सगळे पडद्याकडे बघत बसणार, त्यात एक मिनिट जातंच. हातात उरली १४ मिनिटं. पेपरचं एक पान मोठ्याने वाचून पाहिलं तर चार मिनिटं लागली. म्हणजे अख्खा पेपर जवळपास तासाचा. तेव्हा कळलं की यात भराभर बोलून भागणार नाही. चारातले तीन हिस्से सोडूनच द्यायचे आहेत, आणि कोणते सोडायचे हे ठरवणं म्हणजेच आराखडा.

लॅपटॉप बंद करून वहीत लिहायला बसलो. परिषद इंग्रजीत होती, स्लाइड्सही इंग्रजीतच होणार होत्या, पण आराखडा मी मुद्दाम मराठीत लिहिला. इंग्रजीत लिहिलं की माझी वाक्यं आपोआप पेपरसारखी होतात, असं आढळून आले, तसं निदर्शनास आले. मराठीत तसं लिहिताना स्वतःलाच हसू येतं.

नियम एवढाच ठेवला की प्रत्येक स्लाइडचं नाव म्हणून एक पूर्ण वाक्य लिहायचं. 'निकाल' हे वाक्य नाही, तो डब्यावरचा कागद झाला. डब्यात काय आहे ते सांगणारं वाक्य पाहिजे. एखाद्या स्लाइडसाठी असं वाक्य सुचेना, तर बहुतेक वेळा ती स्लाइड फक्त पेपरमध्ये होती म्हणून आलेली असायची. अभ्यासक्षेत्राच्या तिन्ही स्लाइड्स अशाच गेल्या.

वहीत शेवटी जे उरलं ते हे. कंसात मिनिटं आहेत.

१. नाव, सोबत काम करणारे (अर्धा)
२. मे महिन्यात रात्री ११ वाजता कुठल्या खोलीत जास्त उकडतं? (१)
३. दुपारच्या आकड्यावरून रात्रीचं सांगता येत नाही (१)
४. १२ घरं घेतली, छत सोडून बाकी शक्य तितकं सारखं (दीड)
५. लॉगरने छत नाही, खोलीतली हवा मोजली पाहिजे (१)
६. दुपारी टिनाची खोली पुढे असते (दीड)
७. रात्री रेषा एकमेकींना ओलांडतात (३)
८. हे एका रात्रीपुरतं नाही (दीड)
९. स्लॅब दिवसभर साठवतो आणि रात्री सोडतो (दीड)
१०. कूलर चालू असेल तिथे हा फरक पुसला जातो (१)
११. त्रास रात्रीचा, पण उपाय दिवसा छतावर (अर्धा)

नुसती ही वाक्यं वरून खाली आईला वाचून दाखवली. तिला विषय समजला, एवढंच नाही तर सातव्या वाक्यावर ती म्हणाली, "म्हणूनच आपण गच्चीवर पाणी मारून झोपायचो ना." टिनाचा पत्रा पातळ, सूर्य गेला की झटकन निवतो. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता आतल्या बाजूला काही तासांनी पोचते, नेमकी झोपायच्या वेळेला. हे तिला ठाऊकच होतं. आम्ही फक्त मोजलं होतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला सातव्या स्लाइडला, आणि तिथे मला माझ्याच पेपरची गंमत कळली. आकृती ४ मध्ये चार चौकटी होत्या. टिनाची घरं डावीकडे, स्लॅबची उजवीकडे, वर मे, खाली जून. पेपरमध्ये ते बरोबर होतं, वाचणारा बोट ठेवून मागेपुढे बघू शकतो. पण रेषा एकमेकींना ओलांडतात हा आमचा मुख्य मुद्दा, आणि त्या दोन रेषा एका चौकटीत कुठेच नव्हत्या! शिवाय दोन्हीकडच्या उभ्या अक्षाची सुरुवात वेगळ्या आकड्यापासून होती. मी पीडीएफमधून आकृती कापून चिकटवली असती तर समोरच्याला ओलांडणं दिसलंच नसतं, माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला असता.

म्हणून मूळ आकड्यांवरून आलेख नव्याने काढला. फक्त मे, एकच चौकट, दोन रेषा. रंगांची यादी कोपऱ्यात न देता प्रत्येक रेषेच्या टोकाशीच 'टिन' आणि 'स्लॅब' लिहिलं. आडवा अक्ष मध्यरात्रीऐवजी दुपारी १२ पासून सुरू केला, कारण मध्यरात्रीपासून सुरू केलं की रात्र दोन टोकांना तुटते आणि गोष्ट मधूनच सुरू होते. सहाव्या स्लाइडवर हाच आलेख सायंकाळी ६ पर्यंतच दाखवला, उरलेली जागा कोरी. सातव्यावर त्याच जागी पुढची रेषा येते. यासाठी अॅनिमेशन लावलं नाही, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ते कधी काय करेल सांगता येत नाही. दोन वेगळी चित्रं काढली, फक्त अक्षांच्या मर्यादा दोन्हींत हाताने सारख्या बसवल्या. ते विसरलं तर स्लाइड बदलताना आलेख उडी मारतो आणि लोक बदल शोधत बसतात. अक्षरं पुरेशी मोठी आहेत का, हे पाहायला स्लाइड पडद्यावर पाव आकाराची करून बघितली. पहिल्यांदा अक्षावरचे आकडे वाचता आले नाहीत, मग वाढवले.

तक्त्यांपैकी एकही मुख्य स्लाइड्समध्ये आला नाही. १२ घरांचा सगळ्यात मोठा तक्ता, लॉगर एकाच खोलीत शेजारी ठेवून तपासले होते त्याचे आकडे आणि कूलरच्या वेळा, हे सगळं शेवटच्या स्लाइडच्या मागे राखीव ठेवलं, १२ ते १७ क्रमांकांवर. क्रमांकांची चिठ्ठी खिशात.

आराखडा सरांकडे नेला तेव्हा त्यांनी सातव्या वाक्यावर पेन्सिल ठेवली. स्लाइड बनवताना मी ते ठसठशीत करून 'स्लॅबची घरं रात्री जास्त गरम असतात' असं केलं होतं. सर म्हणाले, "सगळी? कधी? पेपरमध्ये असं कुठे लिहिलंय आपण?" नव्हतं लिहिलं. पेपरमध्ये कूलर बंद असलेल्या खोल्यांबद्दल, मे महिन्यातल्या आमच्या घरांबद्दल लिहिलं होतं. वाक्य आखूड करताना अटी गळून पडल्या होत्या आणि मला पत्ताही नव्हता. दहाव्या स्लाइडवर कूलरचं येतंय की, असं मी म्हणून पाहिलं. पण लोक फोटो सातव्याचा काढतात, दहाव्याचा नाही. वाक्य बदलून 'कूलर बंद असेल तर रात्री स्लॅबची खोली जास्त गरम राहते' असं केलं. मग बाकी दहाही वाक्यं पेपरशेजारी ठेवून पेन्सिलने ताडून पाहिली. आणखी एक सापडलं, ते सांगत नाही.

दुसऱ्या तालमीत १५ मिनिटं झाली, एक जास्त. ताईने सुचवलं की आत्ताच ठरव, उशीर झाला तर कोणती स्लाइड उडवायची, व्यासपीठावर ठरवू नको. आठव्यावर खूण केली. ती गेली तरी सातव्यावर तोंडी एक वाक्य पुरतं.

प्रत्यक्षात तेच झालं. आधीचे वक्ते लांबले, अध्यक्षांनी मला आधीच सांगितलं की जरा आवरतं घ्या. आठवी गाळली. अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न तिथलाच आला, एकाच रात्रीचं तर नाही ना हे. मग परत मागे जाऊन आठवी दाखवली, जी आता उत्तर म्हणून जास्त शोभली. दुसरा प्रश्न लॉगर तपासण्याचा होता. १४ टाइप करून एंटर दाबलं की पॉवरपॉइंट थेट त्या स्लाइडवर जातं, मधल्या स्लाइड्स लोकांसमोर पळवाव्या लागत नाहीत. मात्र पूर्वीच्या संशोधनाच्या पाच स्लाइड्स मी साफ काढल्या होत्या, त्याची राखीव स्लाइडही नव्हती. एका मॅडमनी त्यावर विचारलं तेव्हा तोंडी सांगताना दोन नावं आठवली, तिसरं अडलं. एक राखीव स्लाइड हवी होती.

शेवटी मागच्या रांगेतून एक वयस्कर काका उठले. म्हणाले, "स्लॅबवर चुना मारला तर किती फरक पडते, ते सांगा."

ते आम्ही मोजलं नव्हतं, आणि तसंच सांगितलं.

"मग मोजा ना. आमची गच्ची आहे महाल भागात. मे महिन्यात या, चुना मी आणून ठेवतो."