मशीनचा पैसा वेगळा, मालाचा वेगळा

"शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. व्हॉल्व्ह बॉडीची नवी ऑर्डर मिळतेय, पण त्यासाठी आणखी एक व्हीएमसी मशीन घ्यावं लागेल. बँकेचं कर्ज काढू, ओळखीचे एक गृहस्थ पैसे गुंतवायला तयार आहेत त्यांचे घेऊ, की कास्टिंगवाल्याची उधारी वाढवून भागवू?"

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. तिघांपैकी एकाची निवड करण्याआधी तुमचा खर्च दोन भागांत मोडा. एक भाग मशीनमध्ये जातो आणि चार-पाच वर्षांत थोडा थोडा परत येतो. दुसरा कास्टिंग, पगार, वीज आणि इन्सर्टमध्ये जातो आणि तीन महिन्यांत परत येतो. या दोन्हींना एकच पैसा लावला की गाडी अडते. हिशेब समजावा म्हणून मी एक उदाहरण धरतो. त्यातले आकडे काढून तुमचे घाला.

व्हीएमसी ४० लाखांचं धरू. फिक्श्चर, टूल होल्डर, गेज, फाउंडेशन, वायरिंग आणि कॉम्प्रेसर मिळून आणखी ८ लाख. कोटेशन मागवताना हे ८ लाख हमखास विसरले जातात. मशीनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७ लाख २० हजार, आधी भरावा लागतो. त्याचं क्रेडिट मिळतं, पण रोख परत येत नाही. तुमच्या पुढच्या विक्रीवरच्या करातून ते हळूहळू वळतं होतं. सध्या महिन्याला २५ लाखांची विक्री आणि १५ लाखांची खरेदी असेल, तर निव्वळ कर सुमारे १ लाख ८० हजार बसतो. म्हणजे ७ लाख २० हजार वळते व्हायला चार महिने लागतील. काही बँका जीएसटीच्या रकमेवर कर्ज देत नाहीत, म्हणून ते आधीच विचारून घ्या.

आता मशीन. बँक साधारण ७५ टक्के देते, म्हणजे ३० लाख. साडेदहा टक्क्यांनी ६० हप्त्यांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे ६४,५०० रुपये येतो. नव्या ऑर्डरची विक्री महिन्याला १० लाख धरू. त्यातले साडेपाच लाख कास्टिंगला आणि १ लाख ३० हजार वीज, इन्सर्ट, कूलंट, वाहतुकीला जातील. ऑपरेटर आणि इतर ठरलेला खर्च १ लाख २० हजारांचा. हातात २ लाख उरतात, हप्ता सहज निघतो. पण ऑर्डर अर्ध्यावर आली तर? ठरलेला खर्च अर्धा होत नाही. पाच लाखांच्या विक्रीत हातात फक्त ४० हजार उरतात आणि हप्त्याला सुमारे २५ हजार कमी पडतात. या उदाहरणात महिन्याला पावणेसहा लाखांच्या आसपास विक्री झाली तरच हप्ता त्याच कामातून निघतो. तुमचा हा आकडा काढा आणि ग्राहकाच्या शेड्यूलशी ताडून बघा. ऑर्डरच्या पत्रावरचा आकडा आणि प्रत्यक्ष उचल यांत फरक पडतोच. तेवढी विक्री होईल असं वाटत असेल, तर मशीनसाठी बँकेचं मुदत कर्जच घ्या, हे माझं स्पष्ट मत.

तारण नाही म्हणून बरेच जण बँकेत जातच नाहीत. सीजीटीएमएसई योजनेत सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या कर्जाला हमी मिळते. १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी आहे. मशीन बँकेकडे गहाण राहतं, मालकाची वैयक्तिक हमी राहते, पण घर किंवा जमीन द्यावी लागत नाही. हमीचं वार्षिक शुल्क मात्र धरून चाला.

बँकेशी बोलताना व्याजदरापेक्षा मोरॅटोरियमवर जास्त भांडा. सहा महिने हप्ता नाही असं मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. ते सहा महिने बहुतेक वेळा कर्जाची पहिली रक्कम सुटते तेव्हापासून मोजले जातात, मशीन चालू झाल्यापासून नाही. मशीनचा ॲडव्हान्स बँकेने भरला की घड्याळ सुरू झालं. डिलिव्हरीला तीन महिने, बसवणं, ट्रायल आणि ग्राहकाकडून सॅम्पल पास होणं यात आणखी दोन. पाचव्या महिन्याच्या शेवटी पहिलं बिल निघालं आणि ग्राहक ७५ दिवसांनी देत असेल, तर पहिला रुपया आठव्या महिन्यात येतो. हप्ता सातव्यातच सुरू झालेला असतो. म्हणून ॲडव्हान्स तुमच्या २५ टक्के हिश्शातून भरा, बँकेची रक्कम डिलिव्हरीच्या वेळी सोडायला सांगा आणि मोरॅटोरियम मशीन कार्यान्वित झाल्यापासून किंवा नऊ महिन्यांचा मागा. ॲडव्हान्स भरण्याआधी तो तुमच्या हिश्शात धरला जाईल का, हे शाखेकडून लेखी घ्या. मंजुरीआधीच भरलेली रक्कम काही बँका मोजत नाहीत.

आता मालाचा पैसा, आणि छोटे कारखाने जास्त इथेच अडकतात. कास्टिंग आलं, २० दिवसांत मशीनिंग होऊन गेलं, ७५ दिवसांनी पैसे आले, तर कास्टिंगचा पैसा ९५ दिवस अडकतो. साडेपाच लाखांच्या हिशेबाने ते झाले सुमारे साडेसतरा लाख. पगार, वीज, टूल्स यांचे आणखी साडेसहा-पावणेसात लाख. म्हणजे मशीनशिवाय नुसती ऑर्डर चालवायलाच २४ लाख लागतात. कास्टिंगवाल्याने ४५ दिवस उधार दिलं तर त्यातले सव्वाआठ लाख तो उचलतो. उरलेले १६ लाख कॅश क्रेडिटमधून, म्हणजे सीसीतून यावे लागतात.

वाढीव वार्षिक विक्रीच्या २० टक्के या ढोबळ नियमाने १ कोटी २० लाखांवर २४ लाखांचं सीसी मंजूर होऊ शकतं. मग उधारी आणि सीसी मिळून ३२ लाख हातात आले असं मालकाला वाटतं. तसं होत नाही. मंजूर मर्यादा वेगळी आणि दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरणारी उचल वेगळी. पैसे न दिलेला माल बँक धरत नाही. तुमच्या शॉपमध्ये २० दिवसांचा माल आहे आणि ४५ दिवसांची उधारी आहे, म्हणजे मालावर उचल शून्य. राहिली ग्राहकांकडची येणी, २५ लाखांची. त्यातून बँक २५ ते ४० टक्के मार्जिन कापते, आणि ९० दिवसांपेक्षा जुनी बिलं सहसा मोजतच नाही. ४० टक्के कापले तर १५ लाख मिळतात. गरज १६ लाखांची आहे, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी लाखभर कमीच. उधारी आणखी वाढवली की उचल आणखी घटू शकते.

कास्टिंगवाल्याची उधारी फुकट वाटते, पण ती किमतीत दडलेली असते. त्याला एकदा सरळ विचारा: सात दिवसांत पैसे दिले तर दर किती? दोन टक्के सूट मिळत असेल तर ४५ दिवसांची उधारी तुम्हाला वर्षाला साडेएकोणीस टक्क्यांच्या वर पडते. सीसीत जागा असेल तर साडेदहा टक्क्यांनी उचलून रोखीने घेणं परवडतं. सूट मिळतच नसेल, तर उधारी जरूर वापरा, पण ४५ दिवसांच्या आत. फाउंड्री उद्यम नोंदणी असलेली सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांची, करार नसेल तर १५ दिवसांची मर्यादा आहे. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चला थकलेली असेल, तर ती त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. न कमावलेल्या नफ्यावर कर भरावा लागतो. आणि १८० दिवस गेले तर त्या बिलावरचं जीएसटीचं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं.

सर्वात वाईट चूक म्हणजे मशीनचा स्वतःचा हिस्सा सीसीतून भरणं. बँकेतून २० लाख काढले, मशीनवाल्याला दिले, आणि मग कास्टिंगला पैसे उरले नाहीत. सीसी खातं महिनोन्‌महिने मर्यादेला टेकून राहतं, ग्राहकाचे पैसे आले त्याच दिवशी संपतात. त्यानंतर कास्टिंगवाल्याकडे फरक दिसू लागतो. तो भांडत नाही. तुमच्या पॅटर्नचं मोल्डिंग मागे ढकलतो, किलोमागे दर थोडा वाढवतो, ब्लोहोल असलेले पीस बदलून द्यायला वेळ लावतो. इकडे मशीन रिकामं उभं आणि हप्ता चालू. ही लक्षणं दिसली तर नवी उधारी शोधू नका. बँकेला सांगून सीसीतली अडकलेली रक्कम मुदत कर्जात फिरवून घ्या, हप्ता थकायच्या आत. थकल्यावर तीच बँक फारसं ऐकून घेत नाही.

उधारीपेक्षा येणी लवकर वसूल करणं जास्त उपयोगाचं. ग्राहकाची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल, तर त्या कंपनीला ट्रेड्सवर, म्हणजे बिलं विकून लवकर पैसे मिळवण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेवर, नोंदणी बंधनकारक आहे. तिच्यातल्या आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज किंवा इनव्हॉइसमार्टवर ग्राहकाने बिल मान्य केलं की बँका बोली लावतात आणि पैसे लगेच मिळतात. पुढे ग्राहकाने बुडवलं तरी वसुली तुमच्यावर येत नाही. नोंदणी झाली म्हणून ग्राहक तुमची बिलं तिथे चढवेलच असं नाही, तेव्हा हे ऑर्डर घेताना बोलून ठेवा. ७५ दिवसांचे १५ झाले तर १६ लाखांची गरजच मोडते. ट्रेड्सवर विकलेलं बिल पुन्हा सीसीच्या स्टेटमेंटमध्ये दाखवायचं नाही, एवढं सांभाळा.

राहिले ते ओळखीचे गृहस्थ. समजा तुमचा सध्याचा नफा वर्षाला २४ लाख आहे आणि नव्या मशीनमुळे घसारा वजा जाता १७ लाख वाढतील. ३० लाखांच्या बदल्यात २० टक्के हिस्सा दिलात, तर करापूर्वीच्या नफ्यातले वर्षाला ८ लाखांच्या वर त्यांचे, कायमचे. बँकेच्या ३० लाखांवर मोरॅटोरियमसह सगळी मुदत मिळून जाणारं व्याज सुमारे १० लाख ३० हजार. ऑर्डर हातात असताना हा सौदा महागच. शिवाय प्रोप्रायटरी फर्ममध्ये हिस्सा देताच येत नाही. भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड करावी लागते. कंपनीत एकाच्या हाती २५ टक्क्यांपेक्षा जास्त मतं गेली, तर विशेष ठराव त्याच्याशिवाय होत नाही. आणि ते गृहस्थ दरमहा ठरावीक दीड-दोन टक्के आणि पुढच्या तारखांचे चेक मागत असतील, तर ते गुंतवणूकदार नाहीत, महागडे सावकार आहेत.

गुंतवणूकदाराचा पैसा एका ठिकाणी मात्र बँकेपेक्षा योग्य ठरतो. स्वतःच्या नावाचा व्हॉल्व्ह काढायचा आहे, पॅटर्न, टेस्टिंग, सर्टिफिकेट आणि डीलर जमवण्यात दीड-दोन वर्षं जातील, आणि विक्री कधी सुरू होईल ते कुणालाच माहीत नाही, अशा कामाला हप्त्याचा पैसा लावू नये. त्यासाठी वेगळी कंपनी काढा आणि त्या गृहस्थांना तिच्यात घ्या. जॉब वर्कचं शॉप तुमच्याच नावावर राहू द्या.