पंक्चरची नोंद: अलॉयवरचा ट्यूबलेस आणि स्पोकवरची ट्यूब

बेंचवर सध्या मोटरसायकलची दोन मागची चाकं आहेत. पहिलं १७ इंची अलॉय चाक, त्यावर ट्यूबलेस रेडियल टायर, ट्रेडच्या मधल्या भागात साधारण ४ मिमी जाडीचा स्क्रू. दुसरं १८ इंची स्पोकचं चाक, टायरमध्ये ट्यूब, ट्रेडमध्ये खिळा. बाहेरून दोन्ही पंक्चर सारखीच दिसतात, पण हवा धरून ठेवणारी वस्तू दोन्हींत वेगळी आहे आणि पुढचं सगळं काम त्यावरून ठरतं.

ट्यूबलेसमध्ये टायरच्या आतला रबरी थर, म्हणजे लायनर, हवा अडवतो आणि टायरची बीड रिमला घट्ट बसून कडा बंद करते. स्क्रू आत गेला की रबर त्याच्याभोवती आवळून धरतं, त्यामुळे हवा हळूहळू जाते. शिवाय ट्यूबलेस रिमवर बीडच्या आतल्या बाजूला एक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी बीड लगेच घसरून मधल्या खोलगट भागात पडत नाही ती त्याच्यामुळे. ट्यूबवाल्या चाकात टायर फक्त ट्यूबचं रक्षण करतो. ट्यूब ताणलेली असते, त्यामुळे छिद्र पडलं की ते फाटत मोठं होऊ शकतं, आणि सुटलेली हवा स्पोकच्या निपलांच्या भोकांतून आणि व्हॉल्व्हच्या भोकातून क्षणात निघून जाते. ट्यूबवाल्या रिमला बहुधा तो उंचवटाही नसतो. ट्यूबवाल्या चाकाचं पंक्चर जास्त धोक्याचं असतं ते या दोन कारणांनी.

ट्यूबलेस: बाहेरचा प्लग

स्क्रू लगेच उपटायचा नाही. तो आत आहे तोवर हवा बरीचशी टिकते, म्हणून आधी साहित्य हाताशी घ्यायचं: कानसीसारखी गोल सुई, प्लग घालायची सुई, चिकट दोरी, रबर सोल्यूशन, पक्कड, कटर आणि पंप. साबणाचं पाणी स्क्रूवर, व्हॉल्व्हच्या तोंडावर आणि दोन्ही बीडच्या कडांवर फिरवून हवा नेमकी कुठून जाते ते पाहायचं. स्क्रू दिसला की सगळ्यांचं लक्ष तिथेच जातं आणि सैल व्हॉल्व्ह पिन तशीच राहून जाते.

स्क्रू काढताना तो कोणत्या कोनात बाहेर येतो ते नीट बघायचं आणि कानस त्याच दिशेने घालायची. आमच्या टायरमधला स्क्रू तिरका होता. अशा वेळी कानस सरळ रेटली तर ती जुना मार्ग सोडून बाजूचं रबर आणि पट्ट्यातल्या तारा कापत जाते, आणि एका छिद्राच्या जागी आत फाटलेला कप्पा तयार होतो. रेडियलमध्ये पोलादी तारांचा पट्टा असेल तर कानस अडकल्याचं हाताला जाणवतं. तिथे जोर न लावता तिला थोडं सोल्यूशन लावून पुढे-मागे हलवायचं. भोक स्वच्छ आणि खरखरीत झालं की पुरे, ते मोठं करायचं नसतं.

दोरी सुईच्या डोळ्यात मध्यभागी ओवायची, सोल्यूशनमध्ये बुडवायची आणि दोन्ही टोकं साधारण १५ मिमी बाहेर राहतील इतकी आत ढकलायची. सुई न पिळता एका झटक्यात सरळ बाहेर ओढायची. आत दोरीचा वेढा राहतो आणि हवेचा दाब त्याला भोकावर दाबून धरतो. बाहेरची टोकं ट्रेडच्या वर सुमारे ३ मिमी ठेवून कापायची. ती ओढून कापली तर प्लग बाहेर सरकतो. हवा भरून पुन्हा साबणाचं पाणी लावायचं. बारीक बुडबुडे येत असतील तर दुसरी दोरी शेजारी कोंबण्यापेक्षा पहिली काढून नवी घालावी. दोन दोऱ्या लागतातच इतकं भोक मोठं असेल तर ते प्लगच्या आवाक्याबाहेर गेलं आहे.

हा प्लग घरापर्यंत किंवा दुरुस्तीच्या जागेपर्यंत पोहोचण्यासाठी आहे असंच आम्ही धरतो. तो महिनोन्महिने टिकलेला पुष्कळांनी पाहिला असेल, पण बाहेरून लावलेल्या प्लगमधून टायरच्या आतली अवस्था दिसत नाही. शिवाय पोलादी पट्टा असलेल्या टायरमध्ये कापलेल्या तारांची टोकं प्रत्येक फेऱ्याला प्लगवर घासत राहतात. बाजूच्या भिंतीत किंवा ट्रेडच्या खांद्यापाशी छिद्र असेल तर प्लग घालायचाच नाही. तो भाग प्रत्येक फेऱ्यात वाकतो, आणि तिथे टायर बदलणं एवढाच मार्ग उरतो.

ट्यूबलेस: आतून

टायर रिमवरून काढल्यावर सगळ्यांत आधी आतली बाजूची भिंत पाहिली. कमी हवेत टायर फार चालला असेल तर तिथे सुरकुत्यांसारखी गोल रेघ, खरवडलेला भाग किंवा काळा रबरी भुगा दिसतो. तो दिसला तर भोक कितीही लहान असो, टायर बाद. दोऱ्यांचे थर आतून सुटलेले असतात आणि ते कोणत्याही पॅचने जोडले जात नाहीत. आमच्या टायरमध्ये भुगा नव्हता, लायनर गुळगुळीत होता, म्हणून काम पुढे नेलं.

मग कोन मोजला. बाहेरचं भोक आणि आतलं भोक यांत सुमारे ३ मिमी सरक होती आणि त्या जागी रबराची जाडी साधारण १० मिमी, म्हणजे मार्ग जवळपास १७ अंश तिरका. देठ असलेला पॅच, ज्याचा देठ भोक भरतो आणि छत्री आतून लायनर बंद करते, साधारण २५ अंशांपर्यंत चालतो. त्याहून तिरकं असेल तर देठ वेगळा आणि पॅच वेगळा लावावा लागतो, नाहीतर छत्रीची एक कड उचलली जाते. भोकाचा व्यास ६ मिमीच्या वर गेला असता तर इथेच थांबलो असतो.

जुना प्लग काढून कार्बाइड कटर आतून बाहेर, स्क्रूच्याच कोनात, कमी गतीच्या ड्रिलवर फिरवला. त्याने तारांची वाकडी टोकं साफ होतात. मग पॅचपेक्षा थोडा मोठा भाग घासून मखमलीसारखा मऊ, काळपट केला. घासणी जोरात फिरली तर रबर जळून चकचकीत होतं आणि त्यावर सोल्यूशन धरत नाही. लायनर पातळ असतो, त्यातून दोरे दिसू लागले तर जास्त घासलं गेलं आहे. भुगा व्हॅक्यूमने काढला, कारण फुंकरीसोबत लाळेचा ओलावा जातो.

सोल्यूशनचा पातळ थर देऊन तो पूर्ण सुकू दिला, बोटाच्या मागच्या बाजूला किंचित चिकटेल इतका. ओल्या सोल्यूशनवर पॅच लावणं हे पॅच सुटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे, कारण आत अडकलेलं द्रावण नंतर वाफ होऊन फुगा करतं. देठ बाहेर ओढून छत्री लायनरला टेकली की ओढणं थांबवलं. मग दातेरी रोलर मध्यापासून कडेकडे फिरवून अडकलेली हवा बाहेर काढली. बाहेर देठ न ताणता ट्रेडच्या पातळीला कापला.

परत बसवताना टायरच्या बाजूवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण पाहिला, बीडला साबणाचं पाणी लावलं आणि बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर गेलो नाही. बीडजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली म्हणजे ती नीट बसली. चाक पुन्हा बॅलन्स केलं. काही टायर कंपन्या आतून दुरुस्त केलेल्या टायरवरही पहिले २४ तास ताशी ८० किमीची मर्यादा सांगतात, काही दुरुस्तीलाच मान्यता देत नाहीत. आपल्या टायरच्या कंपनीची सूचना वाचून मगच ठरवावं.

ट्यूब: छिद्र कुठे आहे त्यावरून कारण

ट्यूबवाल्या टायरला बाहेरून दोरी कोंबण्यात काहीच अर्थ नाही. हवा ट्यूबमध्ये असते, आणि कानस राहिलेली ट्यूबही फाडते.

चाक उघडण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची खूण केली. ट्यूब काढून फुगवली आणि ती खूण व्हॉल्व्हशी जुळवली की ट्यूबवरच्या छिद्रावरून खिळ्याची टायरमधली जागा कळते. खिळा निघाला तरी टायर आतून चिंधीने पुसून तपासावा, उघड्या बोटांनी नव्हे. तुटलेलं टोक रबरात राहिलं असेल तर चिंधी त्यात अडकते.

ट्यूबवरच्या छिद्राची जागा बरंच काही सांगते. ट्रेडच्या बाजूला एक छिद्र असेल तर खिळा किंवा काटा. रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप सरकली आहे किंवा स्पोकचं टोक निपलच्या वर आलं आहे, आणि ते कानसून टेप बदलल्याशिवाय नवी ट्यूबही फुटणार. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली गेली आहे: कमी हवा, खड्डा किंवा टायर लिव्हर. व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर असेल तर टायर रिमवर सरकला आणि त्याने ट्यूब ओढून नेली. ही चीर पॅचने बंद होत नाही.

आमच्या ट्यूबमध्ये ट्रेडच्या बाजूला खिळ्याचं एक छिद्र होतं. ते दाबून धरूनही ट्यूब बसतच राहिली. पाण्यात बुडवल्यावर त्याच भागात दोन्ही कडांना लांबट चिरा सापडल्या. चाक हवा नसताना थोडं फिरलं होतं आणि रिमने ट्यूब चिमटली होती. एकच छिद्र असतं तर घासणं, सोल्यूशन, पूर्ण सुकणं, पॅच दाबणं आणि वरून टाल्कम पावडर, इतक्यात काम झालं असतं. तीन ठिकाणी पॅच लावलेली ट्यूब त्या जागांपाशी असमान ताणली जाते, म्हणून ट्यूब बदलली. ट्यूबमध्ये सीलंट भरण्याचा पर्याय आम्ही घेतला नाही. लांबट चिरेला ते थांबवू शकत नाही आणि आतून ओली झालेली ट्यूब पुढे पॅचही धरत नाही.

नवी ट्यूब आकार धरेल इतकीच फुगवून आत घातली. बीडचा शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी चढवला, समोरची बाजू रिमच्या खोलगट भागात दाबून ठेवली, आणि लिव्हर घालण्याआधी व्हॉल्व्ह वर ढकलून ट्यूब बीडखाली नाही याची खात्री केली. हवा भरली, पिन काढून पूर्ण सोडली आणि पुन्हा भरली, म्हणजे आतल्या घड्या सुटतात.

व्हॉल्व्हचा नट रिमला आवळलेला नाही, तो वर टोपीपाशी ठेवला आहे. आवळलेला नट व्हॉल्व्हला सरळ धरून ठेवतो आणि टायर सरकत असल्याचं दिसू देत नाही. सैल व्हॉल्व्ह कलला की लगेच दिसतं, आणि तेव्हाच हवा सोडून टायर जागेवर आणला तर ट्यूब वाचते. आता दोन्ही चाकांचा दाब सकाळी, थंड असताना, एकाच गेजने पाहतो आहोत. तापमान ५-६ अंशांनी बदललं तर साधारण १ पीएसआयचा फरक नुसत्या हवेमुळेच पडतो, तो वजा करून जे उरेल ते गळती म्हणून नोंदवायचं.