आत्या येणार, स्टेशनवर मंग्या जाणार

शनिवार, रात्री

अकोल्याची आत्या आज सकाळी विदर्भ एक्सप्रेसने आली आणि नेमकी आजच माझी सकाळची ड्यूटी. मंग्याला सांगितलं, तो लगेच "जातो ना बे" म्हणाला. तो नाही म्हणत नाही, पण सांगितलेलं अर्धंच ऐकतो, म्हणून काल रात्री सगळं लिहूनच पाठवलं:

"गाडी १२१०५ विदर्भ, मुंबईहून येणारी. आत्या अकोल्याला चढेल. डबा एस-४. नागपूरला नऊच्या सुमारास. अंगावर हिरवं लुगडं, हातात पिवळी कापडी पिशवी. गाडी बघताना तारीख शुक्रवारची टाक."

शेवटची ओळ त्याने वाचलीच नाही. सकाळी साडेसहाला फोन. "अबे, गाडी तर मुंबईहून सुटलीच नाही दाखवून राहिली, अन् तू म्हणतं आत्या नवाला येते?"

त्याने आजची तारीख टाकली होती. ही गाडी मुंबईहून संध्याकाळी सुटते आणि अकोल्याला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्यामुळे आत्याच्या तिकिटावर शनिवार, पण गाडी शुक्रवारची. रेल्वेच्या NTES ॲपवर गाडी जिथून निघाली तिथली तारीख लागते. आजची टाकली की आज संध्याकाळी सुटणारी गाडी समोर येते, आणि ती अर्थातच मुंबईतच उभी असते. तारीख बदलल्यावर त्याला गाडी बडनेऱ्याच्या पुढे दिसली. म्हटलं, आता फक्त वर्ध्यावर नजर ठेव. वर्धा सोडली की तासाभराच्या वर वेळ असतो, आंघोळ करून महालातून आरामात पोचशील.

तो महालातला, म्हणून त्याला संत्रा मार्केटच्या बाजूने जायला सांगितलं. आत्याच्या डोक्यात मात्र स्टेशन म्हणजे समोरची जुनी इमारत. तिला उतरून एकटीने बाहेर निघू दिलं असतं, तर ती एका दारात आणि हा दुसऱ्या दारात, मध्ये सगळे फलाट. त्यात तिचे गुडघे असे, की एकदा चुकून पूल चढली की परत चढायची नाही. म्हणून मंग्याला प्लॅटफॉर्म तिकीट काढून थेट डब्यापाशी जायला लावलं, आणि आत्याला फोनवर दोनच गोष्टी बजावल्या. अजनी आधी येतं, गाडी तिथे रेंगाळली तरी उतरायचं नाही. आणि नागपूरला उतरलीस की डब्याच्या दाराशीच उभी राहा. दोघंही एकमेकांना शोधत फिरायला लागले की त्या गर्दीत फोनची रिंगही ऐकू येत नाही.

सव्वानऊला मंग्याचा मेसेज आला: "भेटल्या. लुगडं निळं आहे, हिरवं नाही. पिशवीवरून ओळखलं."