खिचडीपेक्षा बटाटे का पुरतात

"मावशी, एकादशीला तुम्ही उकडलेले बटाटे नि दही खाऊन संध्याकाळपर्यंत निभावता. आम्हाला मात्र खिचडी खाऊन दोन-तीन तासांतच भूक लागते. असं का?"

जठराला कॅलरी मोजता येत नाहीत, तिथे ताण कळतो. अन्नाने जठर फुगलं की 'पुरे' हा निरोप मेंदूकडे जातो. त्यामुळे घासाचं वजन किती आणि त्यात उष्मांक किती, हे प्रमाण बघायला हवं. पाण्यात उष्मांक नसतात, तुपात मात्र ग्रॅमला नऊ.

आता आपल्या इंदुरी खिचडीचा हिशेब मांडू. कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम, शेंगदाण्याचं कूट २० ग्रॅम आणि दोन चमचे तूप मिळून साधारण ४१५ कॅलरी होतात. भिजल्यावर त्याचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम भरतं. वर फराळी मिक्श्चरची मूठ पडली, की आणखी शंभरेक कॅलरी वाढतात, पण पोटातली जागा फारशी भरत नाही. राजवाड्याजवळची खिचडी वाफवलेली असते खरी, पण हे मिक्श्चर तिलाही जड करतं.

तीनशे ग्रॅम उकडलेले बटाटे म्हणजे साधारण २६० कॅलरी. त्यात शंभर ग्रॅम दही घातलं तर साठेक कॅलरी वाढतात. ताटात चारशे ग्रॅम अन्न येतं, तरी उष्मांक खिचडीपेक्षा बरेच कमी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं नाहीत नि तंतूही नाहीत. दह्यातून थोडी प्रथिनं मिळतात, आणि तीही भूक धरून ठेवतात.

१९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी ३८ पदार्थ समान उष्मांकांत, म्हणजे साधारण २४० कॅलरींचे वाढून पुढचे दोन तास भूक तपासली. पांढऱ्या पावाला १०० धरलं, तर उकडलेल्या बटाट्याला सर्वाधिक ३२३ मिळाले. मात्र ही चाचणी दोनच तासांची होती. संध्याकाळपर्यंतची हमी त्यातून निघत नाही. माझ्या बाबतीत सवयीचाही वाटा आहे.

खिचडीबरोबर तांब्याभर पाणी प्यायलं तर चालेल का, असंही विचारतात. नुसतं पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं. तेच पाणी बटाट्यात किंवा सुपात मुरलेलं असलं, की अन्नाबरोबर जास्त वेळ राहतं.

शेंगदाणे मात्र वेगळे वागतात. उष्मांक भरपूर, पण चावावे लागतात आणि त्यांत प्रथिनंही आहेत, म्हणून ते खिचडीतून काढू नका. साबुदाणा निम्मा करा, तूप एक चमचा घ्या आणि दीडशे ग्रॅम उकडलेला बटाटा घाला. कॅलरी जवळपास चारशेच राहतील, पण वाटीचं वजन दीडपट होईल.

साखरेचा त्रास असेल, तर मात्र एवढे बटाटे एका वेळी खाऊ नका. त्याऐवजी दही नि काकडी वाढवा.