हरण्याची दुसरी मोजणी

जळगावच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. चार वर्षांपूर्वी एम.एस्सी. झालेल्या एका विद्यार्थिनीचा नोव्हेंबरात मेसेज आला: ‘सर, परदेशात पीएच.डी.साठी अर्ज करतेय, शिफारसपत्र द्याल का?’ रावेरकडची मुलगी, चेहरा लगेच आठवला. पण लिहायला बसलो तर ‘हुशार, कष्टाळू, प्रामाणिक’ याच्यापुढे हात सरकेना. हे तीन शब्द मी कुणाहीसाठी लिहिले असते.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं पूर्वी मीही म्हटलंय. आता म्हणत नाही. तिन्ही सरांची पत्रं एकाच हातानं लिहिली की तिन्हींत तीच वाक्यं येतात आणि वाचणाऱ्यांना ते कळतं. शिवाय स्वतःबद्दल लिहिताना मुलं बुजतात, नेमकं सांगायचं तेच गाळतात.

मी तिला फोन केला. ‘पत्र मीच लिहीन. तू मला एवढं पाठव: कोणत्या विषयासाठी अर्ज, शेवटची तारीख, प्रोजेक्टचा रिपोर्ट, आणि माझ्यासमोर घडलेले दोन-तीन प्रसंग. मार्क नकोत, ते मार्कशीटवर असतातच.’

दुसऱ्या दिवशी दोन पानं आली, सोबत तिच्या फील्ड डायरीचा फोटो. तिचा प्रोजेक्ट केळीवरच्या हरण्या रोगावर, म्हणजे मावा किडीमार्फत पसरणाऱ्या कुकुंबर मोझॅक विषाणूवर होता. फोटोतल्या पानावर एका बागेचे सगळे आकडे लाल पेनानं खोडलेले, खाली नवे लिहिलेले. ते पाहिलं आणि तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहिला.

जस्त कमी पडलेल्या झाडांच्या पानांवरही पिवळट पट्टे येतात. ती झाडं तिनं हरण्यात मोजली होती. मला पत्ताही नव्हता; रिपोर्ट तपासून मी परतही दिला होता. तीच दारात येऊन म्हणाली, ‘सर, माझी मोजणी चुकली.’ मग पोंग्याची सड, झाडाची खुंटलेली वाढ असं एकेक बघत तिनं सगळ्या बागा पुन्हा मोजल्या. रोगाचं प्रमाण कमी निघालं, तिनं तेच छापलं.

पत्राचा मधला परिच्छेद मी एवढ्यावरच लिहिला. ज्या लॅबकडे अर्ज होता तिथं वनस्पतींच्या विषाणूंवरच काम चालतं, म्हणून रोग ओळखण्याचा भाग सविस्तर घेतला. इंग्रजीत जेमतेम एक पान झालं.

विद्यापीठाची लिंक मात्र येईना. तिनं आठवण केली म्हणून स्पॅममध्ये पाहिलं, तर सहा दिवसांपासून तिथंच पडलेली. फॉर्मवर विचारलं होतं, वर्गातल्या पहिल्या किती टक्क्यांत ही बसते? मार्कांनी ती पाचवी होती, वीस जणांत. मी ‘पहिले २५ टक्के’वर खूण केली. संशोधनातल्या सचोटीचा रकाना वेगळा होता, तिथं सगळ्यात वरची.

पत्र पाहण्याचा हक्क तिनं अर्जातच सोडला होता, म्हणून तिला दाखवलं नाही. अपलोड झाल्यावर एवढंच कळवलं, ‘गेलं, मुदतीच्या चार दिवस आधी.’