फळी, फक्की आणि पाच नंबर

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं पत्र शाळेकडून आलं. खरं तर मराठीच्या बाईंवर लिहायला हवं होतं, त्यांच्यामुळे मला चार ओळी धड लिहिता येतात. पण पेन हातात घेतलं आणि समोर आले ते पी.टी.चे सर. कुठले सर हे आपल्या शाळेच्या कुठल्याही बॅचला सांगायची गरज नाही.

1986 साली मी नववीत होतो. गावाकडं शूटिंगबॉल खेळून आलेला, त्यामुळे चेंडू दिसला की दोन्ही हात बांधून हाणायचा, एवढंच ठाऊक. सरांनी मला शाळेच्या व्हॉलीबॉल संघात मागं डावीकडं, पाच नंबरला उभं केलं. समोरून हळू सर्व्हिस आली की माझं भागायचं. जोरात आली की चेंडू माझ्या डोक्यावरून मागं, थेट सुतारकामाच्या खोलीच्या कौलांवर. एका आठवड्यात तीन कौलं फुटली. मला वाटायचं, ताकद कमी पडते. म्हणून मी आणखी जोरात हात उचलायचो, आणि चेंडू आणखी मागं जायचा.

सरांनी एक दिवस चित्रकलेच्या वर्गातून ड्रॉइंग बोर्ड मागवला. बोर्ड हातात धरून स्वतः पाच नंबरला उभे राहिले आणि आमच्या कॅप्टनला म्हणाले, "मार जोरात." पहिल्यांदा बोर्ड जमिनीला समांतर, आडवा धरला. चेंडू आपटला आणि सरांच्या मागं गेला, अगदी माझ्यासारखाच. मग बोर्डाची पुढची कड खाली केली, साधारण अर्ध्या काटकोनात. तीच सर्व्हिस, तोच जोर, पण चेंडू वर उठून पुढं जाळ्याजवळ, मारणाऱ्याला चेंडू उचलून देणाऱ्या लिफ्टरच्या जागी पडला. सरांनी बोर्ड जराही हलवला नव्हता.

"जोर त्यानं आणलाय, तू कशाला घालतोस? तू फक्त फळी धर," एवढंच म्हणाले.

फळी म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचे दोन्ही हात. आजची मुलं त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. जोराची सर्व्हिस सपाट येते, म्हणून फळी उतरती हवी, हात मांड्यांच्या पुढं खालच्या दिशेला. उंच टाकलेला हळू चेंडू वरून पडतो, त्याला फळी जवळजवळ आडवी चालते आणि थोडं गुडघ्यांनी उचलावंही लागतं. दोन्हींना एकच कोन लावला की घोळ होतो, आणि मी नेमकं तेच करत होतो. वर आणखी भर म्हणजे हात उचलता उचलता माझी उतरती फळी आपोआप आडवी होत होती. चेंडूला टॉपस्पिन असली तर तो हातावर लागून अंगाकडंच चढतो, म्हणून तेव्हा फळी आणखी जरा उतरती लागते. हे मला बरंच नंतर, पॉलिटेक्निकला असताना कळलं. सरांना ते हातानंच कळत होतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस फक्कीचे. मैदानाच्या रेषा आखायची पांढरी फक्की एका घमेल्यात घ्यायची, चेंडू ओल्या फडक्यानं पुसून त्यात लोळवायचा आणि माझ्यावर सोडायचा. प्रत्येक चेंडूनंतर सर जवळ येऊन माझे हात बघायचे, डॉक्टर घसा बघतात तसे. पांढरा डाग अंगठ्यांवर असला तर मी चेंडूपर्यंत पोचलोच नव्हतो, हात लांबवून भागवलं होतं. डाग कोपराजवळ असला तर चेंडू अंगावर येऊ दिला होता. एकाच हातावर असला तर दोन्ही हात सारख्या पातळीत नव्हते. मनगटापासून चार बोटं वर, दोन्ही हातांवर सारखा, असा डाग पडला की सर काही न बोलता मागं वळायचे. तीच शाबासकी. आई विचारायची, शाळेत चुना लावायला शिकवतात का रे?

डागांमुळे एक गोष्ट मला नीट कळली, की हात बिघडतात ते बहुतेक वेळा पायांमुळे. 60-65 किलोमीटर वेगाची सर्व्हिस समोरच्या रेषेपासून मी उभा होतो तिथपर्यंत यायला जेमतेम एक सेकंद घेते. तेवढ्यात दोन पावलं होतात, तिसरं होत नाही. सर्व्हिस करणाऱ्याचा हात चेंडूला लागतो त्या क्षणी जागच्या जागी छोटी उडी घेऊन दोन्ही पाय टेकवायचे, म्हणजे कुठल्याही बाजूला निघता येतं. आणि पळताना हात जोडायचे नाहीत. मी हात बांधूनच धावायचो. बांधलेल्या हातांनी माणूस धड धावतही नाही आणि पोचल्यावर फळी वळवताही येत नाही. पाय थांबले, की मग हात. तेव्हा पहिला चेंडू वरून बोटांनी घेतला की पंच पटकन डबल, म्हणजे चेंडूला दोनदा हात लागल्याचा दोष द्यायचे, त्यामुळे खालून घेण्यावाचून इलाजही नव्हता.

आता तालुक्याच्या फायनलबद्दल. तेव्हा सर्व्हिस ज्याची त्यालाच गुण मिळायचा, सेट पंधराचा. निर्णायक सेटमध्ये आम्ही 11-13 मागं होतो आणि त्यांचा उंच पोरगा सरळ रेषेत माझ्यावरच मारत होता. पहिली सर्व्हिस मी घाबरून हात उचलून घेतली. चेंडू मागं प्रेक्षकांत, 11-14. दुसरी माझ्या डाव्या बाजूला, रेषेलगत आली. एकच पाऊल जमलं, चेंडूच्या मागं जाता येणार नव्हतं. असा चेंडू नुसते हात डावीकडं नेऊन घेतला तर फळीचं तोंड बाहेर वळतं आणि चेंडू बाहेरच जातो. म्हणून उजवा खांदा खाली टाकायचा, डावा हात जरा वर, म्हणजे फळीचं तोंड आत लिफ्टरकडं वळतं. हे सरावात मला दहातून तीनदा जमायचं. त्या दिवशी जमलं. चेंडू लागताना मी हात किंचित मागं घेतले, जोर जिरवला. तो उठला आणि लिफ्टरच्या डोक्यावर असा आला, की त्याला पाय हलवावा लागला नाही. आमच्या शूटरनं मारला, सर्व्हिस आमची झाली. मी वळून सरांकडं पाहिलं, तर ते बुटाची लेस बांधत होते.

सेट आम्ही 13-15 असा हरलो. परतीच्या एस.टी.त सरांनी मला शेजारी बसवलं आणि माझे दोन्ही हात उलटे करून बघितले. लाल झालेली जागा मनगटापासून चार बोटं वर होती. "बरोबर आहे," म्हणाले आणि भेळेचा पुडा माझ्याकडं सरकवला.

पुढं मी वीज मंडळात लागलो, कनिष्ठ अभियंत्यापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत पोचलो, विभागाच्या संघातून बारा वर्षं खेळलो, तेही पाच नंबरलाच. आता आपल्या मैदानावर निम्म्या जागेत गाड्या लागतात आणि सुतारकामाची खोली पाडली, हे मागच्या वर्षी पाहिलं. वाईट वाटलं, लपवत नाही. सर तर केव्हाच गेले.

पुतणी कॉलेजकडून लिबेरो, म्हणजे मागं राहून फक्त चेंडू घेणारी खेळाडू म्हणून खेळते. तिनं मोबाइलवर तिच्या रिसीव्हचा व्हिडिओ दाखवला. चेंडू मागं जात होता. मी म्हटलं, "हात उचलतेस." ती म्हणाली, "नाही काका, अजिबात नाही." मग घरात होती ती तांदळाची पिठी घेतली. गच्चीवर सगळीकडं पांढरं झालं, वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. पण डाग अंगठ्यांवर होते आणि पोरगी गप्प झाली.

महोत्सवाच्या दिवशी चार वाजता माजी विरुद्ध आजी असा सामना ठेवलाय म्हणे. गुडघे साथ देतील तोवर पाच नंबरला मी उभा राहीन. फक्की शाळेनं आणू नये, मी येताना पिशवी घेऊन येतो.