आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि खर्चाचं पत्र

गुडघा बदलायचं ठरलं तेव्हा हॉस्पिटलच्या काउंटरवर पहिल्यांदा नुसता आकडा मिळाला: "साधारण अडीच लाख धरून चाला." मी म्हटलं, "मॅडम, कशाचे किती ते लेटरहेडवर द्या, आणि बिल कशानं वाढू शकतं तेही लिहा." दुसऱ्या दिवशी दोन पानी पत्र मिळालं. काउंटरवरच्या बाईंनी ते ओळीओळीनं समजावलं, हे त्यांचं मोठेपण.

दोन बेडच्या खोलीतला हिशोब असा होता: चार रात्रींचं भाडं 18,000, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ओटी मिळून 1,10,000, इम्प्लांट 62,000, औषधं व सामान 45,000, तपासण्या 8,000 आणि फिजिओथेरपी 4,000. एकूण 2,47,000.

आईला स्वतंत्र खोली हवी होती. भाडं 4,500 ऐवजी 7,500, म्हणजे चार दिवसांचे बारा हजार जास्त, असंच कुणालाही वाटेल. पण पत्रात तळाशी लिहिलं होतं की सर्जन, भूल आणि ओटी यांचे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलतात. तोच सर्जन, तेच ओटी, पण तिथे 1,10,000 चे 1,50,000 होत होते. शिवाय आयसीयू सोडून दिवसाला 5,000 च्या वर भाडं असलं की त्यावर 5 टक्के जीएसटी.

खरी मेख मेडिक्लेममध्ये होती. पॉलिसी पाच लाखांची आणि भाड्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या 1 टक्का, म्हणजे रोज 5,000. 7,500 ची खोली घेतली तर मर्यादा भाड्याच्या दोन तृतीयांश भरते, आणि मग कंपनी सर्जन, भूल, ओटी यांच्या बिलातूनही एक तृतीयांश कापते. दीड लाखातले पन्नास हजार आमच्या खिशातून, वर भाड्यातला फरक दहा हजार. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांना मात्र ही कात्री लागत नाही. हे मांडून दाखवल्यावर आई म्हणाली, "शेजारी कुणी असलं तर बोलायला बरं." विषय संपला.

इम्प्लांटच्या ओळीवर मी जरा जास्त रेंगाळलो. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती सरकारनं ऑगस्ट 2017 मध्ये ठरवून दिल्या, त्यामुळे इथे मनमानी होत नाही. तरीही पत्रात "कोबाल्ट-क्रोमियम, करासह" असं स्पष्ट लिहून घेतलं, कारण दुसऱ्या धातूचा प्रकार निवडला की आकडा बदलतो. हाडांचं सिमेंट सामानात धरलं होतं. आणखी एक गोष्ट कळली: पाय फार वाकडा झालेला असेल किंवा हाड झिजलं असेल तर जादा तुकडे किंवा लांब दांडा लागू शकतो आणि त्याचे पैसे वेगळे. सर्जननी एक्स-रे बघून "आईंना लागेलसं वाटत नाही, पण उघडल्यावरच खात्री" एवढंच सांगितलं.

"बिल वाढू शकतं" या भागात रक्त चढवावं लागणं, मुक्काम लांबणं, फिजिशियनच्या जादा भेटी आणि एचडीयू, म्हणजे आयसीयूच्या खालोखाल देखरेखीचा कक्ष, असं लिहिलं होतं. आईला मधुमेह असल्यामुळे एचडीयूवर माझी नजर अडकली. एका रात्रीचे 9,000. विमा कंपनी एचडीयूला आयसीयू धरते की साधी खोली, हे मी कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या टीपीएकडून मेलवर विचारून ठेवलं. आमच्या पॉलिसीत आयसीयूची मर्यादा 2 टक्के, म्हणजे 10,000 होती. साधी खोली धरली असती तर मर्यादा ओलांडून पुन्हा तीच कापाकापी झाली असती. उत्तर आलं: आयसीयू धरू. तो मेल मी छापून फाइलला लावला.

झालंही तसंच. ऑपरेशननंतर साखर वर गेली, म्हणून एक रात्र एचडीयूत काढावी लागली आणि मुक्काम पाच रात्रींचा झाला. भाड्याचे 18,000 चे 27,000, फिजिशियनच्या भेटींचे 3,000 आणि औषधांचे 4,000 वाढले. बिल 2,63,000 वर गेलं. पत्रात नसलेलं त्यात काही नव्हतं.

डिस्चार्जच्या दिवशी बिलासोबत इम्प्लांटचे स्टिकर बघायला मागितले. मांडीच्या हाडाचा भाग, नडगीचा भाग आणि मधली प्लास्टिकची गादी, प्रत्येकाचा बॅच नंबर असलेलं लेबल केसपेपरवर चिकटवलेलं असतं. किमती बिलाशी जुळल्या. विमा कंपनीनं हातमोजे, डायपर असल्या किरकोळ वस्तूंचे पैसे नाकारले, ते आम्ही भरले. वॉकर आणि घरी येणारा फिजिओ मुळात पत्रातच धरले नव्हते. फिजिओ तासाप्रमाणे घेत नाही, भेटीप्रमाणे घेतो, आणि आईला चालवण्यापेक्षा चहा पिण्यात त्याचा वेळ जास्त जातो.